एजंटाकडे पडलेला माल कोणाचा?

पत्र

मी भिंतीवरची घड्याळे बनवतो. यंदा पहिल्यांदाच दुसऱ्या शहरातल्या एका एजंटाकडे ४०० घड्याळे विक्रीसाठी पाठवली. माझा उत्पादनखर्च नगाला ६०० आहे. सोबतच्या बिलावर आम्ही ९०० भाव लावला. वाहतूक आणि विमा मिळून १२,००० मी भरले. वाटेत गाडीला अपघात होऊन २० घड्याळे फुटली. विमा कंपनीने त्यांचे १०,००० मंजूर केले आहेत, पण अजून हातात आलेले नाहीत. एजंटाने सुरुवातीलाच १,००,००० आगाऊ दिले होते. वर्षअखेरीपर्यंत त्याने २६० घड्याळे विकली. विक्रीचे पत्रक सोबत जोडले आहे. त्यात तो मला फक्त १,१४,४४० देणे लागतो असे म्हणतो. आमचे हिशेबनीस म्हणतात, ४०० घड्याळांचे बिल फाडले तेव्हाच विक्री झाली, नफा १,०८,००० झाला आणि एजंटाकडून २,६०,००० येणे आहेत. यातले खरे कोणते? आणि उरलेली घड्याळे माझ्या ताळेबंदात दाखवायची, की त्याच्या?

— एक घड्याळ उत्पादक

उत्तर

एजंटाचा आकडा बरोबर आहे आणि उरलेली घड्याळे तुमच्याच ताळेबंदात येतील. तुमच्या हिशेबनिसांनी बेरीज-वजाबाकी चुकवलेली नाही. चुकली आहे ती पहिली नोंद, आणि ती चुकली की पुढचे सगळे आकडे तिच्यामागे जातात. खरा नफा ४९,२४० इतका आहे. तो कसा येतो ते पाहू, पण त्याआधी हा व्यवहार कन्साइनमेंटचाच, म्हणजे मालकी आपल्याकडेच ठेवून एजंटामार्फत माल विकण्याचाच, आहे याची खात्री करून घ्या, कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे.

बिलाच्या कागदावर काय छापले आहे याने ते ठरत नाही. मालावर हुकूम कोणाचा चालतो याने ठरते. उत्पन्नाच्या नोंदीचे आंतरराष्ट्रीय मानक, आयएफआरएस १५, मे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. त्यात कन्साइनमेंट ओळखण्याच्या तीन खुणा सांगितल्या आहेत. एक, माल गिऱ्हाइकाला विकला जाईपर्यंत किंवा ठरलेली मुदत संपेपर्यंत पाठवणाऱ्याच्या ताब्यात मानला जातो. दोन, पाठवणारा तो माल परत मागवू शकतो किंवा दुसऱ्याच विक्रेत्याकडे वळवू शकतो. तीन, माल घेतला एवढ्यावरून पैसे देण्याची बिनशर्त जबाबदारी एजंटावर येत नाही. फार तर तो अनामत देतो. तिसरी खूण तुमच्या बाबतीत महत्त्वाची आहे. एजंटाने एक लाख आधी दिले म्हणून एक लाखाची विक्री झाली, असे होत नाही. ती रक्कम उचल आहे. माल विकला गेला नाही तर ती त्याला परत करावी लागेल किंवा पुढच्या हिशेबात वळती करावी लागेल.

तेव्हा करारपत्र काढा आणि न विकलेल्या मालाचे कलम वाचा. ‘न विकलेला माल मालकाच्या खर्चाने परत’ असे लिहिले असेल तर प्रश्न मिटला. पण कधीकधी एखादे वाक्य आत दडलेले असते, की सहा महिन्यांनंतर उरलेला माल एजंटाने विकत घेतला असे समजले जाईल. तसे असेल तर ती मुदत संपेल त्या दिवशी उरलेल्या घड्याळांची विक्री तुमच्या पुस्तकात येईल, मग ती त्याच्या गोदामातून हललेली असोत वा नसोत. तुमच्या पत्रात असा उल्लेख नाही, म्हणून पुढचा हिशेब मी सरळ कन्साइनमेंट धरून केला आहे.

आता माल पाठवल्याची नोंद. गाडी तुमच्या दारातून निघाली त्या दिवशी विक्री शून्य. फक्त कन्साइनमेंट खाते नावे आणि ‘कन्साइनमेंटवर पाठवलेला माल’ हे खाते जमा, तेही खर्चाच्या भावाने: ४०० गुणिले ६००, म्हणजे २,४०,०००. त्या दिवशी एजंटाच्या खात्याला मालापोटी काहीच लागत नाही. त्याच्या खतावणीत एकच ओळ दिसली पाहिजे, त्याने दिलेल्या उचलीची, १,००,००० जमा. म्हणजे त्या क्षणी तुम्ही त्याचे देणेकरी आहात! ‘माल त्याच्याकडे आणि देणेकरी आम्ही?’ असा प्रश्न तुमच्या हिशेबनिसांना पडेल. हो, तसेच. माल त्याच्या गोदामात असला तरी तो तुमचा आहे, पैसे मात्र त्याचे तुमच्याकडे आले आहेत. त्याच्या स्वतःच्या पुस्तकातही तुमची घड्याळे साठा म्हणून येत नाहीत; तो फक्त आठवणीची नोंदवही ठेवतो आणि उत्पन्न म्हणून केवळ आपले कमिशन धरतो.

एजंटाचे पत्रक मी तपासले. २६० घड्याळे ९५० भावाने विकली, विक्री २,४७,०००. त्याने केलेला खर्च असा: माल उतरवून गोदामापर्यंत नेण्याची हमाली व गाडीभाडे ३,८००, गोदामाचे भाडे ६,०००, जाहिरात ३,०००. विक्रीवर ८ टक्के कमिशन १९,७६०. विक्रीतून १२,८०० खर्च वजा केला, मग कमिशन, मग उचल, की १,१४,४४० उरतात. आकडा बिनचूक आहे.

कौशल्य लागते ते पुढच्या पायरीला, एजंटाकडे उरलेल्या मालाची किंमत काढताना. घड्याळे ४०० गेली, २० फुटली, २६० विकली, तर उरली १२०. त्यांना ६०० भाव लावून ७२,००० म्हटले तर किंमत कमी पडते आणि बिलाचा ९०० भाव लावून १,०८,००० म्हटले तर फुगते. नियम असा, की माल सध्याच्या ठिकाणी आणि सध्याच्या स्थितीत आणण्यासाठी जो खर्च झाला तो मालाच्या किमतीत मिळवायचा. साठ्याचे आंतरराष्ट्रीय मानक आयएएस २ हेच सांगते. तुमच्या कारखान्यातले घड्याळ आणि तेच घड्याळ गिऱ्हाइकाच्या शहरातल्या गोदामात, या दोन वेगळ्या वस्तू आहेत, कारण मधल्या प्रवासाला पैसे पडले आहेत. ते पैसे विक्रीच्या दिवशी वसूल व्हायचे आहेत, म्हणून तोवर मालाबरोबर वाहायचे.

वाहतूक आणि विमा १२,००० हा खर्च चारशेही घड्याळांवर झाला, कारण निघताना चारशे होती. नगाला ३०. हमाली व गाडीभाडे ३,८०० हा खर्च मात्र फक्त पोहोचलेल्या ३८० घड्याळांवर झाला. फुटलेली २० उतरवून गोदामात नेण्याचा प्रश्नच नव्हता. नगाला १०. म्हणजे गोदामात सुखरूप पोहोचलेल्या प्रत्येक घड्याळाची किंमत ६४०, आणि वाटेत फुटलेल्या प्रत्येकाची ६३०. हा दहाचा फरक किरकोळ वाटेल, पण अनेकजण सगळा खर्च एकत्र करून ४०० ने भागतात, तिथे चूक होते.

गोदामभाडे आणि जाहिरात यांतले काहीच साठ्यात मिळवायचे नाही. भाड्याने घड्याळ कुठे पुढे सरकले नाही. ते फक्त वाट पाहत पडले. माल जितका जास्त दिवस पडून राहील तितके भाडे वाढेल, आणि ते साठ्यात मिळवत गेलात तर न खपणारा माल कागदावर दिवसेंदिवस महाग होत जाईल. जाहिरातीचेही तसेच: तिचा उपयोग पुढच्या विक्रीलाही होईल असे वाटले तरी ती विक्रीचा खर्च आहे, ज्या वर्षी झाली त्या वर्षी नफ्यातून वजा. कमिशनचा तर प्रश्नच नाही, ते विकलेल्या मालावरच लागले आहे. कुठला खर्च आत आणि कुठला बाहेर याचा गोंधळ झाला तर एवढेच विचारा: हा पैसा माल एजंटाच्या गोदामाच्या दाराशी पोहोचायच्या आधी लागला, की नंतर?

तर शिल्लक माल: १२० गुणिले ६४०, म्हणजे ७६,८००. हा आकडा तुमच्या ताळेबंदात, मालमत्तेच्या बाजूला, ‘एजंटाकडील शिल्लक माल’ म्हणून वेगळा दाखवा. कारखान्यातल्या साठ्यात मिसळू नका, नाहीतर पुढच्या वर्षी कोणता माल कुठे आहे ते शोधत बसाल.

फुटलेल्या घड्याळांचे थोडे विस्ताराने सांगतो. नुकसान दोन जातींचे असते. काही माल स्वभावतःच घटतो: द्रव उडून जातो, धान्य वाळते, कोळशाची भुकटी होते. ही तूट टाळता येत नाही, म्हणून तिचा खर्च उरलेल्या चांगल्या मालावर वाटला जातो. तुमची घड्याळे अपघातात फुटली, ती या जातीत येत नाहीत. त्यांचा खर्च चांगल्या घड्याळांवर चढवणे म्हणजे झालेले नुकसान साठ्याच्या पोटात लपवणे. तसे केले असते तर एकूण २,५५,८०० खर्च ३८० ने भागून नगाला सुमारे ६७३ पडले असते आणि उरलेल्या १२० घड्याळांची किंमत सुमारे ८०,७७९ दिसली असती, म्हणजे जवळपास चार हजारांचे नुकसान पुढच्या वर्षावर ढकलले गेले असते. म्हणून २० गुणिले ६३०, असे १२,६०० कन्साइनमेंट खात्यातून जमा करून बाहेर काढा. त्यातले १०,००० विमा कंपनीच्या खात्याला नावे आणि २,६०० थेट नफातोटा खात्याला नावे. कंपनीने रक्कम मंजूर केली आहे म्हणूनच ती येणे धरता येते. नुसता दावा दाखल करून ठेवला असता तर सगळे १२,६०० यंदाच तोट्यात टाकावे लागले असते.

काचेच्या मालात दर खेपेला एखाददोन नग फुटतातच, मग ते कोणत्या जातीत धरायचे, असा पेच तुम्हालाही पुढे पडेल. त्याला एकच रीत आहे: खेपांची नोंद ठेवा. दर शंभरात एक फुटतो असा अनुभव मागच्या नोंदींवरून दिसत असेल तर तेवढी तूट स्वाभाविक, त्यावरची अस्वाभाविक. नोंद नसताना ‘काच आहे, फुटायचीच’ असे म्हणून सगळे नुकसान स्वाभाविकात घालू नका.

आता खाते एका जागी मांडू.

नावे बाजू: माल २,४०,०००; वाहतूक व विमा १२,०००; एजंटाने केलेला खर्च १२,८००; कमिशन १९,७६०. एकूण २,८४,५६०.

जमा बाजू: विक्री २,४७,०००; अपघाती नुकसान १२,६००; एजंटाकडील शिल्लक माल ७६,८००. एकूण ३,३६,४००.

फरक ५१,८४०, हा कन्साइनमेंटवरचा नफा. त्यातून विम्याने न भरलेले २,६०० गेले की ४९,२४०. पडताळा हवा असेल तर उलट बाजूने करा: विकलेल्या प्रत्येक घड्याळावर ९५० उणे ६४०, म्हणजे ३१० सुटले. २६० घड्याळांचे ८०,६००. त्यातून भाडे व जाहिरातीचे ९,००० आणि कमिशनचे १९,७६० वजा. उरतात ५१,८४०.

तुमच्या हिशेबनिसांना नुसते ‘चुकले’ म्हणू नका, त्यांचे १,०८,००० कुठून फुगले ते दाखवा. ५८,७६० चा फरक तीन ठिकाणी आहे. सर्वांत मोठा हिस्सा न विकलेल्या १२० घड्याळांचा. त्यांनी त्या प्रत्येकावर ३०० नफा धरला आणि ३० वाहतूकखर्च वजा केला, म्हणजे ३२,४०० चा नफा असा, जो अजून कोणी गिऱ्हाइकाने दिलेलाच नाही. दुसरा हिस्सा फुटलेल्या २० घड्याळांचा: त्यांच्या पुस्तकात ती ९०० भावाने विकली गेली आणि ५,४०० नफा झाला, प्रत्यक्षात २,६०० तोटा झाला. मिळून ८,०००. तिसरा हिस्सा विकलेल्या २६० घड्याळांचा, १८,३६०. घड्याळे ९५० ला विकली गेली, ही गोष्ट त्यांनी धरली नाही, पण त्याच वेळी एजंटाचा खर्च आणि कमिशनही धरले नाही. तिन्ही मिळवा, ५८,७६० भरतात.

ताळेबंदाकडूनही हेच दिसते. त्यांनी दाखवलेले येणे २,६०,०००. खरी मालमत्ता तीन तुकड्यांत: एजंटाकडून येणे १,१४,४४०, शिल्लक माल ७६,८०० आणि विमा कंपनीकडून १०,०००. एकूण २,०१,२४०. फरक पुन्हा ५८,७६०. मला हा पडताळा आवडतो, कारण नफ्याच्या बाजूची चूक आणि मालमत्तेच्या बाजूची चूक एकमेकांना पकडतात. दोन्हीकडे फरक एकच आला नाही, तर कुठेतरी नोंद अर्धवट राहिली आहे असे समजा.

दुरुस्ती कशी करायची? वर्ष अजून बंद झालेले नसेल तर जुनी नोंद खोडू नका, उलट करा: विक्री नावे ३,६०,०००, एजंट जमा ३,६०,०००. मग कन्साइनमेंट खाते उघडून वर सांगितलेल्या क्रमाने नोंदी घाला. वाहतुकीचे १२,००० जर सर्वसाधारण वाहतूकखर्चात टाकले असतील तर तेही तिथून उचलून कन्साइनमेंट खात्याला आणा. हे नेहमी विसरले जाते, आणि मग खर्च एकीकडे आणि साठ्यातला त्याचा भाग दुसरीकडे अशी गंमत होते. एजंटाच्या खात्यात विक्री नावे, खर्च व कमिशन जमा, उचल आधीच जमा. शिल्लक १,१४,४४० नावे उरली की त्याच्या पत्रकाशी जुळवा.

बिलावर ९०० भाव का लावला, हेही तुमच्या हिशेबनिसांना सांगायला हवे होते. असे अनेक उत्पादक करतात, कारण खरा उत्पादनखर्च एजंटाला कळू द्यायचा नसतो, शिवाय त्याने किमान कोणत्या भावाने विकावे याचा इशाराही त्यात असतो. पण ते नमुना बीजक आहे, मागणीचे बिल नाही. पुढच्या खेपेपासून त्यावर ‘कन्साइनमेंट, विक्री नव्हे’ असे ठळक लिहा. हिशेबनिसांना खातेही ९०० भावानेच ठेवायचे असेल तर चालते, फक्त नगामागे चढवलेले ३०० प्रत्येक ठिकाणी उतरवायला हवेत. वर्षअखेरीचा माल तेव्हा ९४० भावाने १,१२,८०० दिसेल आणि त्यासमोर ३६,००० ची साठा-राखीव ठेवावी लागेल. उरणार तेच ७६,८००. एकाच एजंटासाठी हा उपद्व्याप कशाला, असे माझे मत. खर्चाच्या भावाने ठेवा.

किमतीला एक वरची मर्यादाही आहे. घड्याळे ९५० ला खपत आहेत तोवर ६४० हा भाव सुरक्षित आहे. पण तो घाट जुना झाला आणि उरलेली १२० घड्याळे ६५० ला काढावी लागणार अशी स्थिती असेल तर हिशेब बदलतो. ६५० तून ८ टक्के कमिशनचे ५२ गेले की हाती ५९८ येतात. साठा खर्च किंवा निव्वळ वसुलीमूल्य, यांत जे कमी असेल त्यानेच दाखवायचा, म्हणून तेव्हा नगाला ५९८, आणि ४२ चा तोटा यंदाच. एजंटाला विचारा, शेवटच्या महिन्यात भाव किती मिळाला. वर्षभराची सरासरी विचारू नका.

आता ज्या गोष्टीची तुम्ही विचारणा केली नाही, पण जिथे असे व्यवहार बहुधा बिघडतात, ती सांगतो. हा सगळा हिशेब ‘२६०’ या एका आकड्यावर उभा आहे, आणि तो आकडा एजंटाने दिलेला आहे. त्याने वर्षाच्या शेवटच्या दिवसांत आणखी ८ घड्याळे विकली आणि ती पुढच्या महिन्याच्या पत्रकात दाखवली, असे समजा. तर तुमच्या साठ्यात ५,१२० चा माल असा आहे जो अस्तित्वातच नाही, आणि कमिशन वजा जाता १,८७२ चा नफा भलत्या वर्षात जातो. पत्रक तुमच्या हाती कधी आले याला किंमत नाही. घड्याळ गिऱ्हाइकाच्या हाती कधी गेले त्या तारखेचे वर्ष धरायचे. म्हणून वर्ष बदलल्यानंतरच्या पहिल्या पत्रकातली प्रत्येक विक्रीपावती तारखेसह मागवा आणि जी जुन्या वर्षातली निघतील ती मागे आणा.

यापुढे जाऊन एखादा एजंट विकलेला माल मुद्दाम ‘शिल्लक’ म्हणून दाखवत राहतो आणि गिऱ्हाइकाचे पैसे स्वतःच्या धंद्यात फिरवतो. याची लक्षणे पत्रकातच दिसतात. ज्या मालाला मागणी आहे तोच महिनोन्महिने शिल्लक म्हणून दिसतो. विक्रीचे आकडे गोल असतात, आणि तुम्ही मोजणीला येतो म्हणालात की आठवड्याभरात अचानक विक्री ‘वाढते’. घड्याळांवर अनुक्रमांक घाला. खेप पाठवताना त्यांची यादी जोडा, विक्रीपत्रकात विकलेले क्रमांक मागा आणि वर्षअखेरीला उरलेले क्रमांक गोदामात जाऊन स्वतः किंवा आपल्या माणसाकडून टिपून घ्या. पाठवले ४०० बरोबर विकले २६०, अधिक फुटले २०, अधिक शिल्लक १२०: ही ओळ क्रमांकांसकट जुळली तर निश्चिंत. नुसती संख्या जुळणे पुरेसे नाही, कारण विकलेल्या घड्याळाच्या जागी दुसऱ्या खेपेतले ठेवून संख्या जुळवता येते.

अनुक्रमांकांचा आणखी एक उपयोग आहे. एजंटाचे दिवाळे निघाले तर त्याचे घेणेकरी गोदामातला सगळा माल त्याचाच समजून हात घालतील. न विकलेली घड्याळे तुमची आहेत हे तुम्हाला दाखवून द्यावे लागेल, आणि ओळखता न येणाऱ्या मालावर हक्क सांगणे अवघड जाते. काही ठिकाणी असा हक्क टिकवायला आधीच नोंदणी करावी लागते. तिथला वकील ते सांगेल.

उधारीचेही पाहून घ्या. एजंटाने काही घड्याळे उधारीवर विकली असतील आणि गिऱ्हाइकाने पैसे बुडवले, तर तो तोटा साधारणपणे तुमचा, कारण माल तुमचा होता आणि एजंट फक्त मधला माणूस. डेल क्रेडर कमिशन म्हणून त्याला वरचा टक्का देत असाल तरच बुडीत त्याच्या अंगावर जाते. तुमच्या पत्रकात असे वेगळे कमिशन दिसत नाही. तेव्हा २,४७,००० मधले रोख किती आणि उधार किती ते विचारा. उधार असेल तर तेवढे येणे एजंटाकडून नसून गिऱ्हाइकांकडून आहे आणि ते बुडण्याची शक्यता तुम्हालाच तोलावी लागेल.

राहिला उचलीचा मुद्दा. एजंटाने तिचे सगळे १,००,००० एकदम वळते करून घेतले. करारात ती साधी उचल असेल तर हरकत नाही. पण ‘हाती असलेल्या मालाची अनामत’ असे लिहिले असेल तर विकलेल्या मालाच्या प्रमाणातच ती वळती होते: ३८० पैकी २६०, म्हणजे ६८,४२१. मग त्याने आता १,४६,०१९ पाठवायला हवेत आणि उरलेले ३१,५७९ त्याच्या नावावर अनामत म्हणून राहतील. नफ्याला याने धक्का लागत नाही, पण तुमच्या हाती आज येणाऱ्या रोखीत जवळपास बत्तीस हजारांचा फरक पडतो. पैसे मागणारे पत्र पाठवण्याआधी ते कलम वाचा.

नव्या वर्षाच्या पहिल्या तारखेला कन्साइनमेंट खाते ७६,८०० च्या शिलकी मालाने, नावे बाजूने सुरू होईल. पुढची खेप पाठवलीत तर ती वेगळी खेप म्हणून वेगळ्या खात्यात ठेवा. जुन्या १२० घड्याळांची वाहतूक आणि नव्यांची वाहतूक सारखी पडणार नाही.